घरचे म्हणून घेतलेले : गरोदरपणातील काढे, कल्प आणि गोळ्या

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावात गरोदर सुनेची पाचव्या महिन्याची तपासणी असते. वजन होते, पोटाची वाढ मोजली जाते, रक्तदाब घेतला जातो. नोंदणीच्या वेळी ११०/७० असलेला रक्तदाब या वेळी १३८/८८ भरतो. डॉक्टर विचारतात, "लोह-कॅल्शियमखेरीज आणखी काही औषध चालू आहे का?" सून सासूबाईंकडे पाहते आणि मान हलवते. सासूबाई म्हणतात, "नाही डॉक्टर, दुसरे औषध काहीच नाही."

हा प्रसंग एखाद्या विशिष्ट घरातला नाही. तो अनेक घरांतून वेचून येथे मांडला आहे. सासूबाई खोटे बोललेल्या नाहीत, हेच यात महत्त्वाचे आहे. त्यांच्या मनात औषध म्हणजे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेली गोळी. घाटाखालच्या चाळीसगावहून, सुनेच्या माहेरून आलेली पिशवी त्यांच्या लेखी औषधात मोडत नाही. त्या पिशवीत शतावरी कल्पाचा डबा आहे, ज्येष्ठमधाच्या चूर्णाची पुडी आहे, डिंकाचे लाडू आहेत आणि ओळखीच्या एका दुकानदाराने 'गर्भ टिकवणारी' म्हणून दिलेल्या गर्भपाल रसाच्या गोळ्यांची लहान बाटली आहे. हे सारे 'घरचे' होय.

समजूतदार डॉक्टर अशा वेळी प्रश्न बदलून विचारतात : "काकू, माहेरून काय काय आले आहे? सकाळी दुधातून काय देता?" मग उत्तरे मिळू लागतात. दुसऱ्या दिवशी पिशवीच दवाखान्यात आणली जाते. त्या पिशवीतल्या एकेका वस्तूकडे नीट पाहिले, तर पारंपरिक बलवर्धकांच्या सुरक्षिततेविषयी नेमके काय माहीत आहे आणि काय सिद्ध झालेले नाही, ते उलगडत जाते.

ज्येष्ठमधाचा हिशेब

पिशवीतले सर्वांत निरुपद्रवी वाटणारे द्रव्य ज्येष्ठमध. चवीला गोड, घशाला आराम देणारे, आम्लपित्तावर घरोघरी चालणारे. गर्भिणीसाठी महिन्यामहिन्याला वेगळा काढा सांगणाऱ्या मासानुमासिक योगांत पहिल्याच महिन्यात यष्टिमधु, म्हणजे ज्येष्ठमध येते. ही परंपरा जुनी आहे, यात शंका नाही. शंका मात्रेची आणि कालावधीची आहे.

ज्येष्ठमधाची गोडी ज्या घटकामुळे येते त्याचे नाव ग्लिसिरायझिन. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाच्या गोळ्या-चॉकलेटे आवडीने खाल्ली जातात. त्यामुळे हेलसिंकी शहरात १९९८ साली प्रसूत झालेल्या मातांनी गरोदरपणी हा पदार्थ किती खाल्ला, याची नोंद संशोधकांना ठेवता आली. आठवड्याला ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ग्लिसिरायझिन पोटात गेलेल्या मातांत वेळेआधी प्रसूती होण्याचे प्रमाण जास्त आढळले. पुढे ही मुले बारा-तेरा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मातांनी जास्त ज्येष्ठमध खाल्ले होते, त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतील सरासरी सुमारे सात गुणांनी कमी होती आणि लक्ष विचलित होण्याच्या तक्रारी अधिक होत्या.

असे का होत असावे, याचे स्पष्टीकरणही उपलब्ध आहे. आईच्या रक्तात ताणाचे एक संप्रेरक असते, कॉर्टिसॉल. ते गर्भापेक्षा आईच्या रक्तात कितीतरी जास्त असते. वारेतील एक विकर त्याला निष्क्रिय करते आणि गर्भाला त्याच्या माऱ्यापासून वाचवते. ग्लिसिरायझिन नेमके याच विकराला रोखते. द्वारपाल दारातून हटावा तसा हा प्रकार होय. तेच विकर आईच्या मूत्रपिंडातही काम करते. तेथे ते रोखले गेले की शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब चढतो.

आता घरातला चमचा पाहू. सपाट चहाचा चमचाभर चूर्ण साधारण तीन ग्रॅम भरते. ज्येष्ठमधाच्या मुळीत ग्लिसिरायझिनचे प्रमाण दोन टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. जमीन, जात आणि साठवण यांवर ते बदलते. मधले म्हणून पाच टक्के धरले, तर एका चमच्यातून दीडशे मिलिग्रॅम आणि आठवड्यातून एक हजार पन्नास मिलिग्रॅम पोटात जाते. फिनलंडच्या अभ्यासातील 'जास्त' या पातळीच्या ही मात्रा दुप्पट आहे. आणि हे केवळ एक चमचा, तोही रोज सकाळी.

या अभ्यासाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे. जास्त ज्येष्ठमध खाणाऱ्या मातांच्या जीवनात इतरही काही फरक असू शकतात आणि संशोधकांनी त्यांचा हिशेब धरला तरी तो पूर्ण धरला गेला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. 'ज्येष्ठमधाने बुद्धी कमी होते' असे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. घसा बसला म्हणून एखाद्या दिवशी मुळीचा तुकडा चघळणारीने धास्ती घेण्याचेही कारण नाही. पण पाचव्या महिन्यात रक्तदाब चढू लागलेला असताना रोजचे ज्येष्ठमध चालू ठेवणे शहाणपणाचे नाही, एवढे त्यातून निश्चित निघते.

डॉक्टरांना पुडीविषयी कळले नसते, तर त्यांनी हा चढता रक्तदाब गरोदरपणाचा समजून उपचाराची दिशा ठरवली असती. कळल्यावर त्यांनी चूर्ण बंद केले, लघवीतील प्रथिन व रक्तातील पोटॅशियम तपासले आणि आठवड्याने पुन्हा बोलावले. चूर्ण बंद केल्यावर त्याचा परिणाम ओसरायला काही आठवडे लागू शकतात. म्हणून 'पुडी थांबवली, आता काळजी नाही' असे समजून तपासणी चुकवता येत नाही. रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, डोके दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कारण काहीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.

बाटलीतली गोळी

पिशवीतली खरी चिंतेची वस्तू ती लहान बाटली होती. घरात तिच्यावर चर्चा झालीच नव्हती असे नाही. गोळी मधातून घ्यावी असे दुकानदाराने सांगितले होते. घरात मध वर्ज्य असल्याने दुधातून द्यायचे ठरले. शतावरी हा कंद आहे, मग तो चालेल का, असाही प्रश्न निघाला होता आणि सुंठ-हळदीप्रमाणे वाळवलेला म्हणून तो स्वीकारला गेला. म्हणजे काय पोटात जाते याची चिकित्सा करण्याची सवय या घराला होती. फक्त गोळीत कोणता धातू आहे, हा प्रश्न कोणाला सुचला नाही.

आयुर्वेदीय औषधांचे दोन मोठे भाग पडतात. पहिला काष्ठौषधींचा : मुळ्या, साली, पाने, बिया. दुसरा रसौषधींचा : त्यांत पारा, गंधक आणि धातूंची भस्मे मुद्दाम घातलेली असतात. भेसळीने किंवा चुकून ती त्यात येत नाहीत, तो त्या योगाचाच भाग असतो. नावाच्या शेवटी येणारा 'रस' हा शब्द येथे फळाच्या रसाचा वाचक नसून पाऱ्याचा वाचक आहे. गर्भपाल रसाच्या प्रचलित पाठात सुंठ, मिरे, पिंपळी, वेलची, धने, जिरे, मनुका यांच्याबरोबर हिंगूळ, नागभस्म, वंगभस्म आणि लोहभस्म असते. हिंगूळ हे पाऱ्याचे खनिज आहे. नाग म्हणजे शिसे. वंग म्हणजे कथील.

या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट पुरावा दूरच्या शहरातून आला. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार गरोदर स्त्रीच्या तपासणीत शिशाच्या संपर्काची विचारपूस करावी लागते. त्या विचारपुशीतून २०११-१२ या काळात न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रिया सापडल्या. सहाही जणी परदेशातून तेथे गेलेल्या होत्या. भारतात तयार झालेली आयुर्वेदीय औषधे त्या पोटातून घेत होत्या. त्यांच्या रक्तातील शिसे दर शंभर मिलिलीटरला १६ ते ६४ मायक्रोग्रॅम भरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ही पातळी पाच झाली की शिसे कोठून येते ते शोधून बंद करावे. म्हणजे या सहांपैकी सर्वांत कमी आकडा तिपटीहून अधिक आणि सर्वांत जास्त आकडा जवळजवळ तेरापट होता. त्यांच्याकडील दहा औषधांची तपासणी झाली. त्यांतील शिशाचे प्रमाण २.४ टक्क्यांपर्यंत गेले आणि काहींत पारा किंवा सोमलही आढळला. हा अहवाल ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

दोन-अडीच टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. अडीचशे मिलिग्रॅमच्या गोळीत २.४ टक्के शिसे म्हणजे सहा मिलिग्रॅम, अर्थात सहा हजार मायक्रोग्रॅम. अपत्यधारणेच्या वयातील स्त्रीच्या आहारातून दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे जाऊ नये, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन मानते. त्या एका गोळीत या मर्यादेच्या सुमारे ६८० पट शिसे होते. पोटात गेलेले सगळे शिसे रक्तात उतरत नाही, हे खरे. पण शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर ते अधिक शोषले जाते आणि उपाशीपोटी तर कितीतरी अधिक. सकाळी अनशापोटी गोळी घेण्याची आपल्याकडील पद्धत आणि गरोदर स्त्रियांत सर्रास आढळणारी लोहाची कमतरता, दोन्ही गोष्टी शिशाच्याच पथ्यावर पडतात.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. शोधन, मारण अशा संस्कारांनी धातूचे विषारीपण जाते, भस्म हा धातू राहत नाही, असे रसशास्त्र मानते. संस्कारांमुळे धातूचे रासायनिक रूप बदलते, हे रसायनशास्त्रालाही मान्य आहे. पण शिसे कोणत्याही रूपात असले तरी ते शिसेच राहते. ते रक्तात उतरते की नाही, याचा निवाडा ग्रंथावरून होत नाही, तर रक्ताच्या तपासणीवरून होतो. त्या सहा स्त्रियांच्या रक्ताने तो दिलेला आहे. शिवाय बाटलीतले भस्म ग्रंथोक्त विधीनेच झाले आहे की नाही, हे ग्राहकाला पाहून कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

नावात 'रस' नसले म्हणजे निश्चिंत व्हावे, असेही नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली महाजालावरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध केली. रसौषधींपैकी सुमारे चाळीस टक्क्यांत शिसे, पारा किंवा सोमल यांपैकी काही ना काही आढळले. पण काष्ठौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्यांतही सुमारे सतरा टक्क्यांत ते होते. माती, पाणी, दळण्याची यंत्रे, एकाच कारखान्यात दोन्ही प्रकार बनणे, अशा अनेक वाटांनी ते येऊ शकते.

शिशाचे दुष्टपण असे की ते आपली ओळख देत नाही. थकवा, बद्धकोष्ठ, पोटात कळ, डोकेदुखी, रक्तक्षय ही त्याची लक्षणे. गरोदरपणात यांतील एकही लक्षण कोणाला वेगळे वाटणार नाही. बहुतेक वेळा तर काहीच लक्षण नसते. शिसे वार ओलांडून गर्भाकडे जाते आणि त्याच्या घडणाऱ्या मेंदूवर परिणाम करते. गर्भपात, कमी वजन, वेळेआधी प्रसूती यांच्याशीही त्याचा संबंध आहे. आईच्या हाडांत ते वर्षानुवर्षे साठून राहते. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात हाडांतून कॅल्शियम बाहेर पडते, तेव्हा जुने शिसेही त्याबरोबर रक्तात येते. म्हणून दोन वर्षांपूर्वी, दिवस राहावेत यासाठी घेतलेल्या गोळ्यांची माहितीही आजच्या डॉक्टरांना उपयोगी पडते.

निदानाचा मार्ग एकच : शिरेतून घेतलेल्या रक्तातील शिशाची पातळी. ही तपासणी नेहमीच्या गरोदरपणाच्या तपासण्यांत नसते. ती वेगळी सांगावी लागते आणि कन्नडहून नमुना बहुधा मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे जातो. पातळी पाचच्या खाली असेल तर गोळ्या बंद करणे पुरते. पाचच्या वर असेल तर उगम बंद करून, आहारात कॅल्शियम व लोह कमी असल्यास ते देऊन, पातळी पुन्हा मोजत राहतात. पंचेचाळीसच्या वर गेल्यास शिसे बाहेर काढणाऱ्या उपचाराचा विचार तज्ज्ञच करतात. तो घरी किंवा 'शरीरशुद्धी'च्या दुसऱ्या काढ्याने करण्याचा विषय नव्हे.

अनुभव आणि पुरावा

बाटली बाजूला ठेवताना सासूबाई एक रास्त प्रश्न विचारतात : "आमच्या वेळी सगळ्यांनी घेतले. कोणाला काही झाले नाही. मग?"

याचे उत्तर अनुभवाची टवाळी करून देता येत नाही, त्यासाठी मोजदाद करावी लागते. औषध नसतानाही दर शंभर बाळांपैकी साधारण दोन-तीन बाळांत काही जन्मजात व्यंग असते. दिवस राहिल्याचे कळल्यानंतरही दर शंभरांपैकी दहा-पंधरा गर्भ आपोआप पडतात. समजा, एखाद्या काढ्याने व्यंगांचे प्रमाण दोनवरून चारवर नेले. आयुष्यात शंभर गर्भिणींना तो काढा देणाऱ्या अनुभवी वैद्याला दोनऐवजी चार बाळे दिसतील. दोन की चार, हा फरक त्यांना कसा कळावा? पडलेला गर्भ तर दैवाच्या खात्यात जमा होतो. संख्याशास्त्राचा एक साधा नियम असा की शंभर जणींना औषध दिले आणि एकीलाही अपाय झाला नाही, तरी खरा धोका शंभरात तीनपर्यंत असू शकतो. म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तात्काळ, ठळक विष ओळखू शकतो. सावकाश किंवा क्वचित होणारा अपाय त्याला दिसत नाही. बारा वर्षांनी शाळेत दिसणारा परिणाम पाचव्या महिन्यातल्या पुडीशी कोण जोडणार?

ही मर्यादा केवळ जुन्या औषधांची नाही. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड गर्भिणीच्या मळमळीवरही सुरक्षित म्हणून दिले जाई. १९६१ साली ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे व्यंग घेऊन जन्मली होती. त्यानंतर नव्या औषधांवरचे नियम कडक झाले. मात्र गर्भिणींवर प्रयोग करणे नीतीला धरून नसल्याने आधुनिक औषधांचीही गरोदरपणातील माहिती बहुतेक नोंदी ठेवूनच गोळा होते. काढे आणि कल्प यांच्या बाबतीत त्या नोंदीही फारशा नाहीत. आपल्या औषध नियमांत तर प्रमाण ग्रंथांतील योग ग्रंथोक्त उपयोगासाठी बनवायचा असेल, तर परवान्याकरिता सुरक्षिततेचा नवा अभ्यास मागितला जात नाही. ग्रंथातील उल्लेख पुरेसा मानला जातो. त्यामुळे डब्यावर परवाना क्रमांक आहे याचा अर्थ गरोदरपणात तपासलेले आहे, असा होत नाही.

शतावरी कल्पाचे स्थान नेमके येथेच आहे. शतावरी बाळंतिणीला दूध यावे म्हणून दिली जाते आणि गर्भिणीलाही. ती धोकादायक असल्याचे स्त्रियांत सिद्ध झालेले नाही. ती सुरक्षित असल्याचेही सिद्ध झालेले नाही. भारतात उंदरांवर केलेल्या एका अभ्यासात, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, शतावरीच्या अर्काने गर्भ कमी जगले आणि खुरटले. तो अर्क होता आणि मात्रा मोठी होती. घरातील चमचाभर कल्पाला तो निष्कर्ष सरळ लावता येत नाही. पण त्यानंतर पुरेसे मोठे मानवी अभ्यास झालेले नाहीत, तोवर हा प्रश्न उघडाच राहतो. कल्पात बहुतांश साखर असते, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. दुधातून दोन वेळा दोन-दोन चमचे घेणाऱ्या स्त्रीची ग्लुकोज चाचणी बिघडली असेल, तर डॉक्टरांना कल्पाविषयी कळायलाच हवे.

डिंकाच्या लाडवांविषयी डॉक्टरांनी फारसे काही म्हटले नाही. नेहमीच्या मात्रेत तो आहार आहे. स्वयंपाकातील आले, जिरे, मेथी यांचेही तसेच. आहारातली चिमूट आणि औषध म्हणून घेतलेला चमचा यांत फरक करता आला की निम्मा गोंधळ संपतो.

डॉक्टरांना नेमके काय सांगावे

'काही आयुर्वेदिक घेते' या वाक्याचा डॉक्टरांना उपयोग नसतो. उपयोग होतो तो वस्तूंचा. डबे, बाटल्या, रिकामी वेष्टने, कागदाच्या पुड्या, जे असेल ते पिशवीत घालून तसेच न्यावे. डब्यावर घटकांची यादी, उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असतो. पुढे तपासणी करावी लागली तर बॅच क्रमांक लागतो. ज्या बाटलीवर यातले काहीच नाही, ती बाटली आणखी एक गोळी न घेता बंद करावी आणि फेकून न देता जपून ठेवावी.

लेबलवर हिंगूळ, पारद, नाग, सिंदूर, हरताळ, मनःशीळ, सोमल यांपैकी शब्द आहे का, ते पाहावे. नावात रस, भस्म, पर्पटी किंवा सिंदूर असल्यास विशेष चौकशी करावी. हिंगूळ, हरताळ, सिंदूर आदी द्रव्ये औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत आणि ती असलेल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. अशी सूचना असलेली गोळी दुकानदाराच्या सल्ल्याने घेण्यासाठी नसते, एवढे तर तिच्यावरच लिहिलेले आहे.

त्यानंतर चार गोष्टी कागदावर लिहाव्यात : कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत घेतले, दिवसातून किती आणि कशाबरोबर, कोणी दिले आणि कशासाठी. महिना यात सर्वांत महत्त्वाचा, कारण पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे अवयव घडतात आणि त्या काळात घेतलेल्या औषधामुळे सोनोग्राफीत काय पाहायचे ते बदलू शकते. हा कागद माता-बाल कार्डातच ठेवला तर प्रसूतीच्या वेळी घाटी रुग्णालयात जावे लागले, तरी तेथील डॉक्टरांच्या हाती तो पडतो. ज्यांचे नियमित डॉक्टर नाहीत त्यांना दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात होणाऱ्या मोफत तपासणीत हे सांगता येते.

वैद्यांकडून रीतसर उपचार चालू असतील, तर तेही सांगावे आणि वैद्यांना गरोदरपण व डॉक्टरांची औषधे सांगावीत. चांगला वैद्य घटक विचारल्यावर रागावत नाही, उलट लिहून देतो. जो घटक सांगत नाही, त्याचे औषध गर्भिणीने घेऊ नये. काढा बंद करताना त्याबरोबर थायरॉइडची, रक्तदाबाची किंवा फिटची डॉक्टरांनी दिलेली गोळीही मनाने बंद करू नये. ती चूक काढ्यापेक्षा महाग पडते.

आणि एक गोष्ट, जी सर्वांत जास्त लपवली जाते. मुलगाच व्हावा म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एखादे बी किंवा गोळी दुधातून दिली जाते. शिवलिंगीचे बी त्यांपैकी एक. गर्भाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते, म्हणून असे औषध मुलगा देऊ शकत नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधे घेणे आणि बाळात जन्मजात व्यंग असणे यांचा संबंध मात्र आढळला. घरात हे घडले असेल तर लाज गिळून ते डॉक्टरांना एकांतात सांगितले पाहिजे. सासरच्यांसमोर बोलता येत नसेल, तर तपासणीच्या खोलीत एकटे बोलू देण्याची विनंती सुनेला करता येते आणि डॉक्टरांनी ती मानावी.

एखाद्या पारंपरिक औषधाने अपाय झाल्याची शंका आली, तर तिची नोंद होऊ शकते. आयुष औषधांसाठी देशात औषध-दक्षतेची केंद्रे आहेत, तिचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. आपले डॉक्टर किंवा वैद्य ती नोंद पाठवू शकतात. एका घराला 'असेल काही तरी' वाटणारी घटना दहा घरांतून नोंदली गेली, तरच ती पुरावा होते. आज ज्या काढ्यांविषयी 'सिद्ध नाही' असे म्हणावे लागते, त्याचे एक कारण हेच की दहाही घरे गप्प राहिली.

कन्नडच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी लाडू आणि बाकीची पिशवी सुनेला परत दिली. ज्येष्ठमध थांबले, कल्प साखरेची तपासणी होईपर्यंत बाजूला राहिला, बाटलीवरची नावे कागदावर उतरली आणि शिशाच्या तपासणीसाठी रक्त घेतले गेले. निघताना सासूबाईंनी दारातून मागे वळून विचारले, "डॉक्टर, नवव्या महिन्यात एरंडेल द्यायचे म्हणून काढून ठेवले आहे. तेही दाखवायला आणू का?"

"आणा," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्याआधी देऊ नका."